तास नव्हे, मिलिमीटर: प्लॉटवार पाण्याचा आठवड्याचा हिशेब

प्रश्न: शेताचे पाच प्लॉट आहेत, सगळीकडे ठिबक आणि मका. पावसाची आणि मोटर किती तास चालली याची रोजची नोंद मी वर्षभर ठेवली आहे. प्लॉट आणि आठवडा धरून पिव्होट टेबल काढले, तर तिसऱ्या प्लॉटला सर्वात जास्त पाणी गेलेले दिसते, आणि नेमके तेच पीक माना टाकते. शिवाय एकूण पाऊस मापकातल्या पावसाच्या पाचपट येतो. माझे काय चुकते आहे आणि पाणी जास्त गेले की कमी, हे ठरवायचे कसे?

उत्तर:

येथे दोन निरनिराळ्या अडचणी एकाच तक्त्यात मिसळल्या आहेत. पाचपट पाऊस ही केवळ मांडणीतली चूक आहे आणि ती लगेच दुरुस्त होते. तिसऱ्या प्लॉटचे कोडे मात्र वेगळे आहे. तुम्ही जे बेरजेत धरता आहात ते पाणी नसून वेळ आहे, आणि पाऊस, मोटरीचे तास व पिकाची गरज या तीन गोष्टी एका मापात आणल्याशिवाय कोणत्या प्लॉटला जास्त पाणी गेले या प्रश्नाला अर्थच येत नाही. ते एक माप म्हणजे मिलिमीटर, अर्थात प्लॉटच्या पूर्ण क्षेत्रावर पाणी सारखे पसरले असते तर त्याचा थर किती उंच झाला असता ते. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. एका हेक्टरवर तेच दहा घनमीटर होते.

आधी पावसाचे पाहू. पावसाच्या नोंदीत प्लॉट नसतो, म्हणून ती सिंचनाच्या नोंदीला तारखेवरून जोडली की सोमवारचा १२ मिमी पाऊस पाचही प्लॉटच्या ओळींत पाच वेळा उमटतो आणि पिव्होट टेबल त्याची बेरीज ६० करते. प्रत्येक प्लॉटच्या ओळीत १२ लिहिलेले असणे चूक नाही, कारण तेवढा थर खरोखरच प्रत्येक प्लॉटवर पडला आहे. चूक आहे ती स्तंभाची उभी बेरीज करण्यात. संपूर्ण शेताचा आकडा हवा असेल, तर प्रत्येक प्लॉटच्या मिलिमीटरला त्याच्या क्षेत्राने गुणून घनफळ काढावे, घनफळांची बेरीज करावी आणि तिला एकूण क्षेत्राने भागावे. सिंचनाच्या मिलिमीटरची साधी सरासरीही याच कारणासाठी घेऊ नये. त्यात लहान प्लॉटला मोठ्या प्लॉटइतकेच वजन मिळते.

मी चार पाने ठेवतो. एकात प्लॉट आणि त्याचे चौरस मीटर, दुसऱ्यात तारीख आणि पाऊस, तिसऱ्यात तारीख, प्लॉट आणि घनमीटर, आणि चौथ्यात आठवडा व प्लॉट यांचा गोषवारा. पाऊस आणि सिंचन एका पानात कधीच जोडत नाही, दोन्ही स्वतंत्रपणे गोषवाऱ्यात ओढून घेतो. आठवड्याला क्रमांक देण्याऐवजी त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख देतो, कारण वर्ष बदलले की आठवड्यांचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि दोन वर्षांचे आठवडे एकमेकांत मिसळतात. पुढील सूत्रांपैकी पहिले पावसाच्या `Rain` पानात C स्तंभात आणि सिंचनाच्या `Irrig` पानात D स्तंभात सोमवार काढते; उरलेली तीन गोषवाऱ्यात अनुक्रमे पाऊस, पावसाची नोंद असलेले दिवस आणि सिंचनाचे मिलिमीटर देतात.

```
=A2-WEEKDAY(A2,2)+1
=SUMIFS(Rain!$B:$B,Rain!$C:$C,$A2)
=COUNTIFS(Rain!$C:$C,$A2,Rain!$B:$B,">=0")
=SUMIFS(Irrig!$C:$C,Irrig!$D:$D,$A2,Irrig!$B:$B,$B2)*1000
  /VLOOKUP($B2,Plots!$A:$B,2,FALSE)
```

यांतील तिसरे सूत्र बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. रिकामा रकाना म्हणजे पाऊस नाही, असे स्प्रेडशीट गृहीत धरते. पण तुम्ही तीन दिवस शेतावर नव्हता म्हणून नोंद राहिली असेल, तर तो कोरडा आठवडा नसून अपुरा आठवडा असतो. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे, आणि मोजलेले दिवस सातपेक्षा कमी आले तर त्या आठवड्यावर निकाल देऊ नये. मापक सकाळी वाचत असाल, तर त्यात सापडलेला पाऊस मुख्यतः आदल्या दिवसाचा आणि रात्रीचा असतो. तो आदल्या तारखेला लिहावा. नाहीतर रविवारचा पाऊस पुढच्या आठवड्यात जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे पाणी देण्याआधी पडलेला पाऊस नंतर पडल्यासारखा दिसतो. हा क्रम पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आता तासांकडे वळू. तुमच्या प्लॉटची क्षेत्रे मला ठाऊक नाहीत, म्हणून उदाहरणासाठी आकडे मी धरतो. रीत तीच राहते. समजा, पहिला प्लॉट ४,००० चौरस मीटरचा आणि तिसरा ६,००० चौरस मीटरचा आहे. दोन्हीकडे ओळींत ८० सेंटिमीटर, ड्रिपरमध्ये ४० सेंटिमीटर अंतर आणि ताशी एक लिटरचा ड्रिपर आहे. पहिल्या प्लॉटमध्ये त्या हिशेबाने १२,५०० ड्रिपर बसतात, म्हणजे तासाला १२.५ घनमीटर पाणी, आणि मीटरवरही तेवढेच मिळते असे धरू. आठवड्यात मोटर साडेदहा तास चालली, तर सुमारे १३१ घनमीटर पाणी गेले आणि थर झाला ३३ मिमीचा. तिसऱ्या प्लॉटमध्ये १८,७५० ड्रिपर आहेत, म्हणून कागदावर तासाला १८.७५ घनमीटर पाणी जायला हवे. पण मीटर दाखवतो १४. तिथे मोटर बारा तास चालली, पाणी गेले १६८ घनमीटर, आणि थर झाला केवळ २८ मिमीचा. तासांत आणि घनमीटरमध्ये तिसरा प्लॉट पुढे आहे, थरात मागे आहे. तुमच्या पिव्होट टेबलने खोटे सांगितले नाही; त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

कागदावरचे १८.७५ आणि मीटरवरचे १४ यांतली तफावत कुठून येते, हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. साध्या ड्रिपरचा प्रवाह साधारणपणे दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. प्रवाह तीन-चतुर्थांश झाला असेल, तर दाब जवळपास निम्म्यावर आला आहे असे समजावे. निदान ड्रिपर चोंदलेले नसतील तर. एकाच वेळी जास्त व्हॉल्व्ह उघडे असणे, गाळणी तुंबणे, सबमेन लांब व अरुंद असणे, ही नेहमीची कारणे आहेत. म्हणूनच मोटरीच्या तासांना ड्रिपरवर छापलेल्या प्रवाहाने गुणून काढलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पाळीआधी आणि पाळीनंतर पाणीमीटरचा आकडा लिहावा. मीटर नसेल, तर नेहमीच्याच स्थितीत, म्हणजे त्या वेळी जे इतर व्हॉल्व्ह उघडे असतात ते उघडे ठेवून, ड्रिपरखाली भांडे धरावे. ताशी एक लिटरचा ड्रिपर सहा मिनिटांत १०० मिलिलिटर देतो, त्यामुळे वेगळा हिशेब करावा लागत नाही.

ही चाचणी एका जागी करून भागत नाही. सबमेनवरच्या चार नळ्या निवडाव्यात, पहिली, शेवटची आणि मधल्या दोन; आणि प्रत्येक नळीवर सुरुवात, शेवट व मधल्या दोन जागा अशा चार ठिकाणी भांडी धरावीत. सोळा आकड्यांची सरासरी काढावी आणि सर्वात कमी आलेल्या चार आकड्यांची वेगळी सरासरी काढावी. समजा, तिसऱ्या प्लॉटमध्ये सहा मिनिटांची एकूण सरासरी ७५ मिलिलिटर आणि तळच्या चारांची ५२ आली. याचा अर्थ असा की सर्वात तहानलेल्या चौथ्या हिश्शाला सरासरीच्या सुमारे ७० टक्के पाणी मिळते. गोषवाऱ्यातले २८ मिमी त्या भागात प्रत्यक्षात २० मिमीच असतात. पीक माना टाकते ते बहुधा तिथे, आणि प्लॉटच्या सरासरीत ते कधीच दिसणार नाही.

पुढचा प्रश्न गरजेचा. पिकाची आठवड्याची गरज म्हणजे संदर्भ बाष्पोत्सर्जन गुणिले पीक गुणांक. पहिला आकडा म्हणजे त्या हवेत पाण्याची कमतरता नसलेल्या गवताच्या जमिनीतून उडून जाणारे पाणी, आणि दुसरा म्हणजे तुमचे पीक त्याच्या किती पट पाणी उचलते ते. संदर्भ आकडा जवळच्या हवामान केंद्राकडून घेता येतो. पीक गुणांकासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची १९९८ ची मार्गदर्शिका बहुतेक ठिकाणी वापरली जाते आणि तिच्यात पूर्ण वाढलेल्या मक्यासाठी १.२० हा गुणांक दिला आहे. कोवळ्या पिकाचा गुणांक बराच कमी असतो, म्हणून वर्षभर एकच आकडा लावू नये. आठवड्यात संदर्भ बाष्पोत्सर्जन ३० मिमी असेल, तर पूर्ण वाढीच्या मक्याची गरज ३६ मिमी होते.

गरज, पाऊस आणि सिंचन हाताशी आले की लोक सरळ बेरीज-वजाबाकी करून जास्तीचे पाणी वाया गेले असे ठरवतात. येथे जमिनीची साठवण विसरली जाते. मी रोज एकच आकडा पुढे नेतो, तो म्हणजे तूट: जमीन पूर्ण भरलेली असण्याच्या स्थितीपेक्षा मुळांच्या थरात किती मिलिमीटर पाणी कमी आहे. भरपूर भिजून, निचरा होऊन जमीन वाफशावर आली की तूट शून्य धरतो. पिकाने उचललेले पाणी तूट वाढवते. पाऊस आणि सिंचन ती कमी करतात. तूट शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, आणि शून्य झाल्यावर आलेले पाणी मुळांच्या खाली किंवा पृष्ठभागावरून बाहेर जाते. रोजच्या हिशेबाच्या पाचव्या पानात तारीख, प्लॉट, गरज, पाऊस, सिंचन, वाया आणि तूट असे A ते G स्तंभ धरले, तर तिसऱ्या ओळीतले सूत्र असे होते:

```
F3: =MAX(0,D3+E3-C3-G2)
G3: =MAX(0,G2+C3-D3-E3)
```

प्रत्येक प्लॉटची पहिली ओळ मात्र हाताने भरावी लागते, नाहीतर दुसऱ्या प्लॉटची सुरुवात पहिल्या प्लॉटच्या शेवटच्या तुटीने होते. किरकोळ शिडकावा मी धरत नाही; त्या दिवसाच्या संदर्भ बाष्पोत्सर्जनाच्या पाचव्या हिश्शाहून कमी पाऊस पानांवरून आणि वरच्या मातीतूनच उडून जातो.

तूट किती वाढू द्यायची हे मातीवर आणि मुळांच्या खोलीवर ठरते. उदाहरणातल्या जमिनीत एक मीटर खोलीत पिकाला उचलता येण्याजोगे १५० मिमी पाणी मावते, पण खाली कठीण थर असल्याने मुळे अर्धा मीटरच जातात, म्हणून साठवण ७५ मिमी. त्यातले निम्मे संपेपर्यंत मका ताण दाखवत नाही असे धरले, तर मर्यादा ३७ मिमी. हलक्या जमिनीत ही मर्यादा बरीच खाली येते. ओळींत फार अंतर असलेल्या फळबागेत ठिबक जमिनीचा काही भागच भिजवते, त्यामुळे तिथे पूर्ण क्षेत्राची साठवण धरू नये.

पहिल्या प्लॉटचे चार आठवडे आता मांडून पाहू. सुरुवातीची तूट २० मिमी आहे आणि सर्व आकडे मिलिमीटरमध्ये आहेत.

| आठवडा | गरज | पाऊस | सिंचन | वाया | अखेरची तूट |
|---|---|---|---|---|---|
| १ | ३६ | ० | ३३ | ० | २३ |
| २ | ३० | ५८ | २० | ३० | ५ |
| ३ | ३३ | ४ | ३१ | ० | ३ |
| ४ | ३६ | ० | ३२ | ० | ७ |

महिन्याची बेरीज केली तर पाऊस ६२ आणि सिंचन ११६ मिळून १७८ मिमी आले, आणि गरज होती १३५. म्हणजे ४३ मिमी वाया गेले, असा निष्कर्ष घाईने निघेल. पण तूट २० वरून ७ वर आली, म्हणजे १३ मिमी जमिनीतच जमा आहेत. वाया गेले ते ३० मिमी, आणि सगळे एकाच आठवड्यात.

त्या दुसऱ्या आठवड्याचे दिवस उघडल्यावर खरी गोष्ट कळते. सोमवारअखेर तूट २८ होती. मंगळवारी ती ३३ पर्यंत जाणार होती, म्हणून १० मिमी पाणी दिले आणि ती २३ वर आली. बुधवारी पुन्हा २८. गुरुवारी ४६ मिमी पाऊस झाला, ढगाळ हवेत पिकाने दोनच मिलिमीटर उचलले, आणि १६ मिमी बाहेर गेले. शुक्रवारच्या १२ मिमी पावसातले ९ गेले. शनिवारी टायमरने ठरल्याप्रमाणे १० मिमी पाणी सोडले. त्या दिवशीची गरज पाच होती, म्हणून पाच वाया गेले. रविवारी कोणतेच पाणी नव्हते आणि तूट पाचवर थांबली.

मंगळवारचे पाणी पुढे पावसामुळे फुकट गेले हे खरे, परंतु तूट मर्यादेजवळ पोहोचत होती, तेव्हा त्या निर्णयाला मी दोष देणार नाही. दोष शनिवारच्या पाळीचा आहे, आणि त्यातही नेमके नुकसान ५ मिमीचे, म्हणजे ४,००० चौरस मीटरवर २०,००० लिटरचे. उरलेले ५ मिमी वाया गेले नाहीत, फक्त लवकर दिले गेले. लवकर दिलेले पाणी अगदी निरुपद्रवीही नसते, कारण भरलेल्या जमिनीत पुढच्या पावसाला जागा उरत नाही. पाऊस पडण्याच्या काळात मी तूट मुद्दाम दहा-पंधरावर ठेवतो.

हाच आठवडा रोजच्या तुटीऐवजी केवळ साप्ताहिक बेरजांनी सोडवला असता, तर २३ अधिक ३० वजा ७८ असा हिशेब होऊन वाया २५ आणि तूट शून्य आली असती. गुरुवारी बाहेर गेलेले पाणी शनिवार-रविवारच्या गरजेला उपयोगी पडले, असे ती बेरीज गृहीत धरते. म्हणून हिशेब रोजचा ठेवावा आणि आठवड्याला फक्त त्याची बेरीज दाखवावी. माझ्या गोषवाऱ्यात निकालासाठी दोनच स्तंभ असतात: वाया गेलेले मिलिमीटर आणि तूट मर्यादेपलीकडे गेलेल्या दिवसांची संख्या. पाणी वापराची टक्केवारी मी काढत नाही, कारण पिकाला उपाशी ठेवले तरी ती उत्तम येते.

तिसऱ्या प्लॉटला हीच रीत लावा. पहिल्या आठवड्यात गरज ३६ आणि सिंचन २८, म्हणून २० पासून सुरू झालेली सरासरी तूट २८ वर जाते, म्हणजे मर्यादेच्या आत. तळच्या भागाला मात्र २० मिमीच मिळतात. तिथली तूट ३६ होते आणि पुढच्या पाळीला जरा उशीर झाला तरी पीक सुकू लागते. मोठा पाऊस झाला की सारा प्लॉट टवटवीत होतो आणि दोष दडून जातो. अशा वेळी तास वाढवण्याचा मोह होतो. तळच्या भागाला ३६ मिमी पोहोचवायचे तर सरासरी ५१ मिमी सोडावे लागेल, म्हणजे सुमारे २२ तास, आणि वरच्या भागात ते पाणी मुळांखाली निघून जाईल. त्याऐवजी गाळणी साफ करावी, नळ्यांची टोके उघडून गाळ वाहू द्यावा, आणि तरीही दाब कमी असेल तर प्लॉट दोन पाळ्यांत विभागावा. त्यानंतर सोळा भांड्यांची चाचणी पुन्हा करावी, कारण नवा प्रवाह न मोजता जुनेच तास चालवले तर गोषवारा पुन्हा चुकेल.

पण यातले काहीही करण्याआधी सुकलेल्या जागी फावड्याने अर्धा मीटर खणून पाहावे. माती कोरडी निघाली तर वरचा तर्क लागू आहे. ती ओली आणि चिकट निघाली, तर पीक पाण्याअभावी सुकत नाही. मुळे गुदमरलेली किंवा रोगट असू शकतात, आणि तिथे आणखी पाणी देणे म्हणजे दुखणे वाढवणे होय. मी ही खणणी दर दोन-तीन आठवड्यांनी प्रत्येक प्लॉटमध्ये करतो. पीक गुणांक, मापक आणि मीटर या प्रत्येकातली छोटी चूक तुटीत रोज साठत जाते. कागदावर ३० मिमी तूट असताना मूठभर माती दाबल्यावर गोळा होत असेल, तर मी मातीवर विश्वास ठेवतो, तूट तिथल्या तिथे दुरुस्त करतो आणि दुरुस्तीची तारीख वहीत लिहितो.

मापकाबद्दल एक शंका मात्र तुम्हालाच तपासावी लागेल. पाच प्लॉट एकमेकांना लागून असतील तर एक मापक पुरतो, पण तो झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा. प्लॉट दूरदूर असतील, तर वळवाच्या सरीत एका टोकाला चांगला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, असे सहज घडते. तेव्हा लांबच्या प्लॉटला वेगळा मापक लावून `Rain` पानात प्लॉटचा स्तंभ वाढवावा आणि वरच्या दोन्ही पावसाच्या सूत्रांत प्लॉटची अट घालावी. तोपर्यंत त्या प्लॉटच्या पावसाळी आठवड्यांतले वाया गेलेल्या पाण्याचे आकडे अंदाज म्हणूनच वाचावेत. कोरड्या आठवड्यांच्या आकड्यांना ही अडचण नाही, म्हणून तुलना तिथून सुरू करावी.